वीस की एकवीस?

वाचकाचं पत्र

ताई, मी सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका साडीच्या दुकानात कामाला आहे, वय २४. गेल्या दिवाळीत शेठ म्हणाले, "लक्ष्मीपूजनाला पंचवीस टक्के सूट, मेसेज टाकून दे." माल पुरवणाऱ्या सुरतच्या पार्टीनं दिवाळीचं बॅनर पाठवलं होतं, त्यावर २० तारीख होती. मी तीच धरून "लक्ष्मीपूजन, सोमवार २० ऑक्टोबर, फक्त एक दिवस" असं लिहिलं आणि धनत्रयोदशीला संध्याकाळी सातला, दुकानात पाय ठेवायला जागा नसताना, ब्रॉडकास्टच्या तिन्ही याद्यांना पाठवलं. रविवारी रात्री नऊला एका गिऱ्हाइकाचं उत्तर आलं, "लक्ष्मीपूजन मंगळवारी ना?" माझे हातपायच गळाले. शेठना सांगितलं नाही. पावणेबाराला २१ तारीख घालून तोच मेसेज पुन्हा टाकला. सोमवारी बायका २० चा मेसेज घेऊन आल्या. शेठ आधी नाही म्हणाले, पूर्व भागातून आलेल्या एका आजींना तर परत पाठवलं. मग आवाज वाढले तशी सगळ्यांना सूट दिली. सातजणींनी मेसेज बघितलाही नव्हता, दुसऱ्यांचं बघून मागितली. ३४ बिलं, २७,२०० चा माल, ६,८०० सूट. मंगळवारी ठरल्याप्रमाणे पुन्हा सूट होतीच. ते ६,८०० माझ्या पगारातून महिन्याला ५०० असे कापतात, चार महिने झाले. यावर मी एक कथा लिहिली, सोबत पाठवते. शेवट जमत नाही. आता गुढीपाडव्याचा मेसेजही मलाच टाकायला सांगितलाय. नोकरी सोडू का? एका आकड्यानं माझी सगळी किंमत घालवली.

उत्तर

तुझी कथा आधी वाचली, पत्र नंतर. पाकिटातून कागद त्याच क्रमानं बाहेर आले म्हणून. पण बरंच झालं, कारण दोन्हींत एक फरक आहे आणि तो तुझ्या लक्षात आलेला दिसत नाही.

कथेत तुझी नायिका काउंटरमागं उभी आहे, एका हातात सात साड्यांचा गठ्ठा, दुसऱ्या हातात फोन. बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजतो, ती दचकते, अंगठा घसरतो आणि एकच्या जागी शून्य पडतं. पत्रात मात्र अंगठा कुठंच घसरलेला नाही. तू बॅनर बघितलंस, त्यावरची तारीख वाचलीस, तिचा वारही शोधून काढलास आणि बरोबर लिहिलास. २० ऑक्टोबर २०२५ ला सोमवारच होता. म्हणजे टायपिंग चोख होतं. घाईत असं चोख टायपिंग होत नाही गं.

मग स्वतःच्या कथेत तू स्वतःवर हा आळ का घेतलास? मला वाटतं, चार महिने "तुझ्या निष्काळजीपणानं" हे शब्द ऐकून ऐकून तुला ते पाठ झाले आणि कथा लिहितानाही तेच कागदावर उतरले. म्हणून त्या विसाचं मूळ आधी बघू.

गेल्या वर्षी आश्विन अमावास्या २० तारखेला दुपारी पावणेचारच्या सुमारास लागली आणि २१ ला संध्याकाळी सहाला काही मिनिटं कमी असताना संपली. लक्ष्मीपूजन करायचं ते अमावास्येला, आणि तेही सूर्यास्तानंतरच्या प्रदोषकाळात. आता बघ, २० च्या संध्याकाळी अमावास्या पुरी आहे, पण तो दिवस उजाडला तेव्हा चतुर्दशी होती. २१ ला दिवस उजाडला तो अमावास्येतच, पण दिवेलागणीच्या सुमाराला ती संपली. अशा वेळी कुठला दिवस धरायचा याचे शास्त्रात नियम आहेत, आणि त्यांचा अर्थ लावण्यात पंचांगकर्त्यांचं एकमत झालं नाही. गुजरातेत आणि उत्तरेत बहुतेक ठिकाणी २० ला दिवाळी झाली. आपल्याकडं लक्ष्मीपूजन २१ ला, मंगळवारी, पाडवा २२ ला, भाऊबीज २३ ला. सरकारी सुट्टीसुद्धा राज्यात त्याप्रमाणेच होती.

म्हणजे सुरतच्या पार्टीचं बॅनर त्यांच्या गावापुरतं शंभर टक्के बरोबर होतं. ते सोलापुरात उतरलं आणि चुकीचं झालं. त्यातली गंमत अशी, की महाराष्ट्रातली अर्धी घरं ज्याच्या भरवशावर सण करतात ते दाते पंचांग तुमच्याच गावातून निघतं. शंभर वर्षं होऊन गेली त्याला. पंचांगाच्या गावात पंचांगाचीच तारीख चुकली! तुझ्या कथेला रिक्षाचा हॉर्न कशाला हवा? हे त्याच्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे आणि खरंही आहे.

आणि आणखी एक वाक्य आहे, ते तू पत्राच्या दुसऱ्याच ओळीत सहज लिहून गेलीस. "लक्ष्मीपूजनाला पंचवीस टक्के सूट, मेसेज टाकून दे." यात तारीख कुठंय? ज्या वर्षी अख्ख्या देशात वीस की एकवीस हा वाद चालू होता, बातम्यांत रोज त्याची चर्चा होती, त्या वर्षी शेठनी सणाचं नाव सांगितलं आणि तारखेचं काम तुझ्यावर सोडलं. त्यांच्या डोक्यात मंगळवार होता, तुझ्या डोक्यात बॅनर. दोघांना वाटलं, आपण एकाच दिवसाबद्दल बोलतोय. कथेची सुरुवात मी इथून केली असती.

यावरून मला आमच्या घरातलं एक प्रकरण आठवलं. १९९५ च्या जानेवारीतली गोष्ट. माझे मामा चादरी-टॉवेल विकायचे, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत. मी कॉलेजात होते, अक्षर बरं म्हणून हँडबिलाचा मजकूर मी लिहून दिला. दोन हजार हँडबिलं छापून आली, त्यावर "रविवार, दि. १४ जानेवारी". त्या वर्षी १४ ला शनिवार होता. छापखान्यानं चूक केली नव्हती, माझ्याच कागदावर तसं होतं. अर्धी माणसं तारीख वाचून शनिवारी आली, अर्धी वार वाचून रविवारी. मामांनी पहिल्या दिवशी सकाळीच ते ओळखलं, कारण हँडबिलावरच भांडण होतं, वार एक म्हणत होता आणि तारीख दुसरंच. उरलेली सातशे-आठशे हँडबिलं आम्ही अंगणात चटईवर मांडी घालून पेननं दुरुस्त केली. मामी दर शंभराला एक शेंगदाण्याचा लाडू देत होती, त्यामुळं आम्हाला ती शिक्षा वाटलीच नाही.

हे सांगायचं कारण एवढंच, की तारखेशेजारी वार लिहिला की माझ्यासारखी चूक लगेच उघडी पडते. तू वार लिहिला होतास, तरी तुझी चूक उघडी पडली नाही, कारण वार आणि तारीख दोन्ही एकाच चुकीच्या दिवसाची होती. बोटाची चूक वारानं सापडते. मनात दिवसच दुसरा असेल तर तो फक्त दुसऱ्या माणसाला दिसतो. त्या शनिवारी सातला तुझा मेसेज दुसऱ्या कुणी वाचला असता, गल्ल्यावर बसलेल्या शेठनी, माप घेणाऱ्या मुलानं, अगदी चहावाल्यानंसुद्धा, तर "सोमवार? आमच्यात मंगळवारी" असं त्याच्या तोंडून आपोआप निघालं असतं. गर्दीत तेवढं जमलं नाही. त्यात ब्रॉडकास्टची एक खोड आहे. ग्रुपवर चुकीची तारीख पडली की दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी सगळ्यांदेखत टोकतं. ब्रॉडकास्ट मात्र प्रत्येकीला स्वतंत्र जातो आणि उत्तरही एकट्या तुझ्याकडं येतं. एका यादीत २५६ पर्यंत नंबर बसतात. इतक्या बायकांनी वाचलं, त्यातल्या कितीजणी मनात "मंगळवारी ना?" म्हणाल्या असतील, पण तुला ते कळायला सव्वीस तास लागले.

इथपर्यंत मी तुझ्या बाजूनं बोलले. आता रविवार रात्र.

कथेत ही रात्र तू एका वाक्यात उरकलीस, "ती रात्रभर जागी राहिली." पत्रात नऊ वाजता कळलं, पावणेबाराला दुसरा मेसेज गेला. मधले पावणेतीन तास कुठं गेले? त्या तासांत काय काय झालं असेल ते मला दिसतं. फोन हातात घेतला, शेठचा नंबर काढला, परत ठेवला. दिवाळीचे दिवस, ते दमून घरी गेले असतील, आत्ता सांगितलं तर ओरडतील, सकाळपर्यंत कदाचित कुणाच्या लक्षातच येणार नाही. मग वाटलं असेल, गुपचूप दुरुस्त करून टाकू.

ती दुरुस्ती मला सगळ्यात जास्त बोचली. तू काय पाठवलंस? तोच मेसेज, तोच मजकूर, फक्त तारीख २१. पहिल्याचा उल्लेख नाही. आता गिऱ्हाइकाच्या जागी बसून बघ. शनिवारी आलं, सोमवारी पंचवीस टक्के. रविवारी मध्यरात्री आलं, मंगळवारी पंचवीस टक्के. वाचणारीला काय वाटणार? दोन्ही दिवस सूट आहे. किंवा काहीच वाटणार नाही, कारण सारखाच दिसणारा मेसेज दुसऱ्यांदा कोण उघडतं? आणि ज्या बायकांनी पहिला मेसेज नणंदेला, शेजारणीला फॉरवर्ड केला, त्यांच्याकडं तर २१ पोचलंच नाही. पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांच्या आत बदलण्याची सोय व्हॉट्सअ‍ॅपवर असते, पण तो वेळ कधीच गेला होता, आणि पुढं गेलेल्या प्रती तर कुणालाच मागं घेता येत नाहीत. त्यामुळं पहिला मेसेज पुसायचा विचार सोडून, तो लोकांच्या हातात आहे असं धरूनच दुसरा लिहायला हवा होता. मी असा लिहिला असता:

"दुरुस्ती! शनिवारच्या मेसेजमध्ये तारीख चुकली. २५ टक्के सूट मंगळवारी, २१ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आहे. सोमवारी येणार असाल तर आधीचा मेसेज दाखवा, सूट मिळेल. चूक आमची आहे. ज्यांना मेसेज पुढं पाठवला असेल त्यांनाही कृपया हा पाठवा."

पहिलाच शब्द दुरुस्ती, कारण फोनवर वरच्या पट्टीत तेवढंच दिसतं. चुकलेला दिवस आणि बरोबर दिवस दोन्ही नावानिशी, म्हणजे दोन्ही दिवस सूट असा घोळ होत नाही. आणि तिसरं वाक्य, चुकीच्या दिवशी येणाऱ्यांचं काय, हे सगळ्यात महत्त्वाचं. हे तिसरं वाक्य तू एकटीनं लिहूच शकत नव्हतीस. सोमवारी सूट द्यायची की नाही, हे दुकानाचा मालकच ठरवणार. म्हणजे शेठना फोन केल्याशिवाय खरी दुरुस्ती लिहिता येणंच शक्य नव्हतं. तू फोन टाळलास, म्हणून तुझी दुरुस्ती अर्धवट राहिली आणि सोमवारी सकाळी दहाला शटर वर गेलं तेव्हा सगळ्या दुकानात ही भानगड माहीत असलेली तू एकटीच होतीस.

पुढचं तू लिहिलंच आहेस. शेठना आयत्या वेळी समोर बायका दिसल्या. त्यांनी आधी नाही म्हटलं, मग हो म्हटलं, आणि या दोन्हींच्या मधे एक आजी परत गेल्या. आदल्या रात्री त्यांना कळलं असतं तर दोन रस्ते होते. सोमवारी फक्त मेसेज दाखवणाऱ्यांना सूट द्यायची, किंवा सोमवारी पूर्ण किमतीत विकून मंगळवारी वापरायची चिठ्ठी द्यायची. मी पहिला घेतला असता. दिवाळीत पूर्व भागातून रिक्षा करून आलेल्या बाईला "उद्या या" म्हणणं म्हणजे "दुसऱ्या दुकानात जा" म्हणणंच. आणि सूट मेसेज दाखवण्याला बांधली असती तर त्या सातजणींचा प्रश्नच आला नसता.

तर तुझ्याकडून झालं ते हे. ते छोटं नाही, पण शेठ ज्याचे पैसे कापताहेत ते हे नव्हे. आता पैशाकडं येऊ. इथं मला शेठचा हिशेबच मान्य नाही.

६,८०० ही सोमवारी दिलेली सूट आहे. चुकीच्या तारखेमुळं दुकानाचं झालेलं नुकसान वेगळं काढावं लागेल. समज, तारीख बरोबर गेली असती. मग मेसेज वाचून आलेल्या त्या २७ जणींतल्या बहुतेक मंगळवारी आल्या असत्या आणि तीच पंचवीस टक्के सूट तेव्हा घेतली असती. शेठच्या गल्ल्यातून ते पैसे कुठल्याही वाटेनं जाणारच होते, कारण सूट द्यायचं त्यांनीच ठरवलं होतं. जास्तीचं गेलं ते त्या सातजणींच्या बिलांवर, ज्यांना मेसेज माहीतच नव्हता आणि ज्यांनी एरवी पूर्ण पैसे मोजले असते. २७,२०० भागिले ३४ म्हणजे सरासरी बिल ८०० चं. सात बिलं म्हणजे ५,६००, त्यावर पंचवीस टक्के म्हणजे १,४००. प्रत्यक्ष बिलं काढून बघितलीस तर आकडा थोडा इकडंतिकडं होईल. २७ मधल्याही एकदोघी मेसेजशिवाय सोमवारी आल्या असत्या, हे मला मान्य आहे. उलट काही जणी मंगळवारी पूजेच्या गडबडीत आल्याच नसत्या, त्यांची विक्री सोमवारमुळंच झाली. (खरं सांगू? लक्ष्मीपूजनाच्या दिवशी साड्यांवर सूट ठेवायची कल्पनाच मला अजब वाटली. बायका त्या दिवशी घरी, मालक स्वतः चोपडीपूजनात. सूट ठेवायची तर आदल्या दिवशी. म्हणजे तुझ्या चुकीनं शेठची चूक झाकली गेली, असंही कुणी म्हणेल.)

आत्तापर्यंत कापलेत २,०००. म्हणजे त्या सात बिलांचा सगळा बोजा एकट्या तुझ्यावर टाकला तरी ६०० रुपये जास्त गेले आहेत, आणि ५०० प्रमाणे कापत राहिले तर पुढच्या दिवाळीनंतरही कापणं चालूच राहील.

कायद्याचंही थोडं. पगारातून नुकसानीची रक्कम कापायची तर ते नुकसान कामगाराच्या ताब्यात सोपवलेल्या मालाचं किंवा त्यानं हिशेब द्यायच्या पैशाचं असावं लागतं, ते थेट त्याच्या हयगयीनं झालेलं असावं लागतं, रक्कम नुकसानीपेक्षा जास्त चालत नाही, आणि कापण्याआधी त्याला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. जुन्या वेतन कायद्यातही हे होतं आणि नव्या वेतन संहितेतही आहे. मालकानं स्वतः काउंटरवर दिलेली सूट यात बसवणं मला तरी अवघड दिसतं, आणि तुझी बाजू कुणी विचारल्याचं तू लिहिलेलं नाहीस. सोलापुरात सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथं जाऊन विचारता येईल. पण ते आधी नको. एवढ्या वर्षांत मी एक बघितलंय, छोट्या दुकानात सरकारी कागद आधी आला की बोलणं कायमचं संपतं.

आधी शेठकडं जा. दुपारी दोन-अडीचची वेळ बघ, जेवण झाल्यावर, गिऱ्हाईक नसताना. हातात एकच कागद ने, त्यावर ३४ बिलांचा हिशेब, सात बिलं वेगळी, १,४०० चा आकडा. आणि सुरुवात हिशेबानं करू नकोस. सुरुवात रविवार रात्रीनं कर. "शेठ, मला रविवारी नऊलाच कळलं होतं, मी भीतीनं तुम्हाला सांगितलं नाही. ते माझं चुकलं." हे तू त्यांना अजून सांगितलेलंच नाहीस, असं मला पत्रावरून वाटतं. ते ऐकून ते चिडतील. चिडू देत. पण त्यानंतर तू जो हिशेब मांडशील तो अंग चोरणाऱ्या मुलीचा राहणार नाही. मग म्हण, "सूट तुम्ही ठरवली होती, ती सगळी माझ्या नावावर कशी?" एवढं बोलून थांब. कागद त्यांच्यापुढं ठेव आणि त्यांना बघायला वेळ दे. व्यापारी माणूस आहे, भागाकार त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळेल. कापणं थांबलं तर उत्तम. नाही थांबलं, वर "दिलं ते दिलं, उरलेलंही देशील" असं उत्तर आलं, तर मग नोकरीचा विचार कर, आणि तेव्हा कामगार कार्यालयाचीही वाट धर. त्याच्या आधी नोकरी सोडलीस तर शेठच्या वहीत ६,८०० तुझ्या नावावर तसेच राहतील आणि तुझ्या मनातही.

पाडव्याचा मेसेज त्यांनी तुलाच टाकायला सांगितला, याकडं तू शिक्षा म्हणून बघतेस. मला त्यात दुसरंही काही दिसतं. ज्या मुलीनं आपले ६,८०० घालवले असं माणसाला खरंच वाटतं, तिच्या हातात तो पुन्हा दुकानाचा फोन देत नाही.

तो मेसेज असा टाक. शेठना विचार, "पाडवा म्हणजे १९ मार्च, गुरुवार, बरोबर?" आणि त्यांच्या तोंडून "हो, एकोणीस" असं वदवून घे. नुसतं "हो पाडव्याला" चालणार नाही. यंदाही गंमत आहेच. १९ ला सूर्योदयाला अमावास्या आहे, प्रतिपदा त्यानंतर लागते आणि २० चा सूर्य उगवायच्या आत संपते. ज्या दिवशी सूर्योदयाला प्रतिपदा आहे असा दिवसच नाही, म्हणून तिचा क्षय धरतात आणि पाडवा १९ लाच. पण कुठलं तरी बॅनर २० घेऊन तुझ्या फोनवर येईल याची मला जवळजवळ खात्री आहे. बाहेरून आलेलं बॅनर रंगासाठी वापर, फुलांसाठी वापर, तारीख मात्र दुकानातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून घे. आणि मागच्या वर्षीचा मेसेज उचलून आकडा बदलायची सवय असेल तर ती याच वर्षी मोड. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळं त्यानंतरचे सण पुढं सरकलेत, गेल्या वर्षी २१ ऑक्टोबरला झालेलं लक्ष्मीपूजन या वर्षी थेट ८ नोव्हेंबरला आहे.

मेसेज लिहून झाला की याद्यांना पाठवण्याआधी एकाच नंबरवर पाठव, शेठच्या घरच्या. तिथून उत्तर आल्याशिवाय पुढं नाही. आणि गर्दीच्या वेळी नाहीच, सकाळी दुकान झाडून झाल्यावर, गिऱ्हाईक यायच्या आत. नंतरचे अर्धा-एक तास फोन खिशात ठेवू नकोस, उत्तरं वाच. मंगळवारी ना, असं विचारणारी एखादी असतेच.

कथेचं म्हणशील तर शेवट जमत नाही कारण तू तो माफीवर नेलास. शेठ भाऊबीजेला बोलावतात, तुझ्या नायिकेला एक साडी देतात, दोघांचे डोळे भरून येतात. मला ते पटलं नाही, आणि तुलाही पटलेलं नाही, नाहीतर शेवट जमत नाही असं लिहिलं नसतंस. तुझी कथा सोमवारी सकाळी दहाला संपते. शटर निम्मं वर गेलंय, पायऱ्यांवर चपला दिसताहेत, शेठ अजून वाकून कुलूप काढताहेत, आणि नातवाचा फोन हातात धरून उभ्या असलेल्या आजी म्हणतात, "आज पंचवीस टक्के ना बाळा?" शेठ मान वळवून तुझ्या नायिकेकडं बघतात. बस. त्याच्या आधी मात्र रविवारचे ते पावणेतीन तास सविस्तर लिही, मिनिटामिनिटानं, शेठचा नंबर किती वेळा काढला तेही.

त्या आजींवरून आठवलं. परत गेल्या म्हणतेस, पण त्यांचा नंबर तुझ्या यादीत असेल, नाहीतर नातवाचा तरी. पाडव्याचा मेसेज टाकायच्या आधी त्यांना फोन कर, मेसेज नको, फोनच. दिवाळीची ती पंचवीस टक्के सूट अजून त्यांच्या नावावर ठेवा, असं शेठना विचारून बघ. आणि त्यांनी कुठली साडी बघितली होती ते तू पत्रातही लिहिलं नाहीस, कथेतही नाही. इरकल होती का?